सातव्या वर्षी कारखान्याची किंमत काय?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: प्रकल्पाची आजची किंमत कशी काढायची आणि त्यासाठी डिस्काउंट रेट, म्हणजे पुढं येणारा पैसा आजच्या किमतीत आणायचा दर, कसा ठरवायचा. दरावर मी येणार आहे, शब्द देतो. पण त्याआधी एक जुनं दुखणं बोलून घ्यायचं आहे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पहिल्या पाच-सहा वर्षांवर लोक रात्र-रात्र बसतात, लाईट बिलाचा हिशोब पैशापर्यंत लावतात, आणि सगळ्यात शेवटी 'टर्मिनल व्हॅल्यू', म्हणजे त्या वर्षांनंतरच्या धंद्याची किंमत, म्हणून एक ओळ असते ती दोन मिनिटांत भरतात. आणि तुम्ही रिपोर्ट उलगडून बघा, निम्म्याहून जास्त किंमत त्या एका ओळीत बसलेली असते. म्हणून आज त्या ओळीकडे नीट बघू.

उदाहरण आपल्याच भागातलं घेतलंय. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, रस्त्याला लागून दहा गुंठे जागा आहे, घरची. तिथं काजू प्रक्रिया कारखाना काढायचा. इथं बसलेल्यांपैकी चंदगड, खानापूर, आजऱ्याकडच्या लोकांना कारखाना आतून कसा असतो ते सांगायला नको. बी वाळवायची, वाफवायची, कटिंग, मग ड्रायर, मग साल काढणं, मग ग्रेडिंग. फळ्यावर लिहिलेले सगळे आकडे लाखात आहेत आणि ते उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या कारखान्याचे वेगळे येतील, पण मांडणी हीच राहील.

आज काय जातं? शेड, यंत्रं, एनए करून घेणं, हेस्कॉमचं वीज कनेक्शन, सगळं मिळून ६०. पहिल्या हंगामाची बी घ्यायला २५. आणि जागा २०. इथं लगेच हात वर होतात की जागा तर आजोबांची आहे, तिला कुठं पैसे पडले? पैसे पडले नाहीत हे खरं. पण आज ती विकली तर २० येतात, आणि कारखाना काढला की ते २० तुम्ही घेत नाही. न घेतलेले २० म्हणजे घातलेले २०. तेव्हा आजचा आकडा उणे १०५.

आता येणारे पैसे. कर भरून, धंद्यातून हातात राहणारी रोकड धरूया. कर्जाचं व्याज यात वजा करायचं नाही, कारण भांडवलाची किंमत आपण डिस्काउंट रेटमध्ये मोजणार आहोत. व्याज इथंही वजा केलं तर एकाच गोष्टीची वसुली दोनदा होते. बँकेला द्यायच्या तक्त्यात व्याज दाखवावं लागतं, म्हणून तोच तक्ता पुढं ओढला जातो आणि ही चूक आपोआप होते.

पहिल्या वर्षी रोकड ७. इतकी कमी का? कटिंगवर बसणाऱ्या बायका नव्या असतात, अख्ख्या गरापेक्षा तुकडा आणि पाकळी जास्त पडते. तीच बी, तीच मजुरी, पण डब्ल्यू ३२० या अख्ख्या गराचा भाव कुठं आणि तुकड्याचा कुठं! हात बसला की दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी २९. चौथ्या वर्षी बी महाग पडली म्हणून २७, पाचव्या वर्षी ३०, सहाव्या वर्षी २८.

पण ही सगळी रोकड खिशात पडत नाही. काजूच्या धंद्यात बी मार्च ते मेमध्ये घ्यायची आणि वर्षभर फोडायची. धंदा वाढला की पुढच्या हंगामाला जास्त बी लागते, आणि ते पैसे याच वर्षाच्या गल्ल्यातून निघतात. म्हणून पहिल्या वर्षाच्या शेवटी ३ जादा घालावे लागतात, मग ४, ४, २, २. सहाव्या वर्षाच्या शेवटी शून्य, कारण आपण असं धरलंय की त्या वर्षी बी स्वस्त झाली आणि जुन्याच पैशांत पुढचा साठा भरला. हा शून्य लक्षात ठेवा, त्यावर परत यायचं आहे. सुरुवातीचे २५ आणि वरचे १५, असे सहा वर्षांत ४० लाख बीच्या पोत्यांत आणि उधारीत अडकले. याशिवाय चौथ्या वर्षी ड्रायर आणि बॉयलर बदलायला १३ लागले.

वजाबाकी केली की वर्षवार निव्वळ रोकड उरते ती अशी: ४, १६, २५, १२, २८, २८. किती वेडीवाकडी आहे बघा. म्हणून इथं 'सरासरी १९ गुणिले अमुक' असा सोपा रस्ता चालत नाही. सरासरी घेतली की पहिल्या वर्षाचे ४ सुद्धा १९ होऊन लवकर आल्यासारखे दिसतात आणि उशिरा येणारे २८ कमी दिसतात. म्हणजे किंमत उगाच फुगते. प्रत्येक वर्षाला वेगळं भागावं लागतं.

सध्या दर १४ टक्के धरू. का ते शेवटी सांगतो. एक वर्षानं येणाऱ्या रुपयाची आजची किंमत १ भागिले १.१४, म्हणजे सुमारे ८८ पैसे. दोन वर्षांनी येणाऱ्याची ७७ पैसे, तिसऱ्याची साडेसदुसष्ट, मग ५९, ५२, आणि सहाव्या वर्षाच्या रुपयाचे साडेपंचेचाळीस पैसे. ते आपल्या आकड्यांना लावले की ३.५, १२.३, १६.९, ७.१, १४.५ आणि १२.८. बेरीज ६७.१. घातले १०५, आले ६७. सहा वर्षांत प्रकल्प ३८ लाखांनी तोट्यात.

आता कुणी म्हणेल की सहाव्या वर्षी कारखाना थोडाच बंद पडतो? बरोबर आहे. म्हणूनच सातव्या वर्षापासून पुढं जे काही आहे त्याची सहाव्या वर्षाच्या शेवटी किंमत काय, हे एका आकड्यात सांगावं लागतं. तीच टर्मिनल व्हॅल्यू, मराठीत अंतिम मूल्य म्हणू. आणि बघा, प्रकल्प घ्यायचा की सोडायचा हे पहिल्या सहा वर्षांनी ठरवलंच नाही. ते या आकड्यावर ठरणार आहे.

नेहमीच्या रिपोर्टमध्ये हा आकडा कसा भरला जातो ते सावकाश बघूया, कारण माझी तक्रार इथंच आहे. शेवटच्या वर्षाचे २८ घेतात. दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतील म्हणतात. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: पुढच्या वर्षाची रोकड भागिले दर वजा वाढ. २८ ला ५ टक्के लावले की २९.४, भागिले ०.०९, उत्तर ३२६ लाख. मग खाली आणखी दोन ओळी येतात. जागेची तेव्हाची किंमत ४०, आणि खेळतं भांडवल परत ४०. एकूण ४०६. वर सुरुवातीच्या खर्चात जागा धरलेलीच नसते, कारण ती घरची. म्हणजे आज घातले फक्त ८५. सहाव्या वर्षाच्या ४०६ चे आजचे १८५, त्यात ६७ मिळवा, ८५ वजा करा. निव्वळ आजची किंमत १६७ लाख! ८५ घालून १६७ चा शुद्ध फायदा. बँकेत वाचणारा खूश, घरात वाचणारा त्याहून खूश.

यात चार गोष्टी चुकल्यात आणि चारही वेगवेगळ्या जातीच्या आहेत.

पहिली, जागा. सुरुवातीला शून्य आणि शेवटी ४०, हा हिशोब कुठल्याही वहीत बसत नाही. एकतर दोन्ही टोकांना धरा, नाहीतर कुठंच धरू नका. आणि इथं थोडं थांबूया, कारण आपल्याकडं जागेवर लोकांचा फार जीव. 'कारखाना चालो न चालो, जागेचं सोनं होणार' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मग जागेचा हिशोब कारखान्यापासून वेगळा काढून बघा. आज २०, सहा वर्षांनी दुप्पट, ४०. दुप्पट म्हणजे केवढं वाटतं! पण त्या ४० चे १४ टक्क्यांनी आजचे १८.२ होतात. घातले २०. जागा सहा वर्षांत दुप्पट होऊनही तुम्ही पावणेदोन लाख मागेच आहात, आणि विकतानाचा कर अजून धरलेला नाही. १४ टक्क्यांनी पैसे सव्वापाच वर्षांत दुप्पट होतात, म्हणून सहा वर्षांची दुप्पट कमी पडते. आणि उलट समजा, जागा सहा वर्षांत तिप्पट झाली आणि त्यामुळं प्रकल्प फायद्यात दिसला, तर तो फायदा जागेचा आहे. मग जागा तशीच ठेवा, काजू कशाला फोडताय? ज्या रिपोर्टमध्ये जागेची ओळ काढली की प्रकल्प झोपतो, तो कारखान्याचा रिपोर्टच नाही.

दुसरी चूक म्हणजे एकाच गायीचं दूधही विकलं आणि गायही विकली, तीही एकाच दिवशी. ३२६ हा आकडा कारखाना कायम चालू राहील असं धरून आलाय. कायम चालवायचा तर त्याला त्या जागेवर उभं राहावं लागेल आणि त्याच्या गोदामात बी लागेल. मग जागा विकून ४० आणि बी संपवून ४० कसे घेणार? चालू ठेवणार असाल तर रोकडीचं सूत्र. बंद करणार असाल तर मोडीचा हिशोब. दोन्ही काढा जरूर, पण बेरीज करू नका. त्यातला जो मोठा असेल तो घ्या.

तिसरी चूक सगळ्यात लपलेली असते, म्हणून तिच्यावर वेळ घालवतो. ते सहाव्या वर्षाचे २८. आपण त्यांना अनंत काळ चालवतोय, तेव्हा आधी ते वर्ष नेमकं कसं गेलं ते तपासायला हवं. बी स्वस्त होती म्हणून खेळत्या भांडवलात एक पैसा घालावा लागला नाही. तोच तो मघाचा शून्य. यंत्र बदलायचं वर्षही ते नव्हतं, ते चौथ्या वर्षी होऊन गेलं. म्हणजे नेमकं सगळ्यात हलकं वर्ष आपण नमुना म्हणून उचललं. जर प्रकल्प चार वर्षांचा मांडला असता तर त्याच सूत्रात २८ ऐवजी १२ गेले असते आणि कारखाना मातीमोल दिसला असता. यंत्रं तीच, माणसं तीच, फक्त कागद कुठं संपवला यावर किंमत दुपटी-तिपटीनं बदलते. वर्षं वेडीवाकडी असली की शेवटचं वर्ष कधीही जसंच्या तसं उचलायचं नाही. सातवं वर्ष हातानं बांधायचं. सर्वसाधारण वर्ष कसं जाईल ते ओळीओळीनं लिहायचं.

बांधून बघू. धंद्याची रोकड: चांगलं वर्ष ३०, वाईट वर्ष २२-२३, बी महागली की आणखी खाली. मधलं धरून २६. त्यातून यंत्रांचा वाटा काढायचा. ड्रायर, बॉयलर, कटिंगची यंत्रं, शेडचे पत्रे, यातलं प्रत्येक कधी ना कधी बदलणारच. तेव्हाच्या भावानं एकूण खर्च काढून प्रत्येकाच्या आयुष्यानं भागा, वर्षाला सुमारे ७ येतात. मग भांडवल. धंदा दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढणार म्हणता, तर बीच्या ४० लाखांतही दरवर्षी ४ टक्के घालावे लागणार, म्हणजे दीडएक लाख. आपण २ धरू. वाढ फुकट मिळत नाही, तिला पोती लागतात. २६ मधून ७ आणि २ गेले, राहिले १७. खरं सातवं वर्ष हे आहे. २९.४ नव्हे.

वाढीचे ४ टक्के कुठून आले? रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्ट ४ टक्के आहे. दराचे १४ टक्के महागाईसकट आहेत, म्हणून वाढही महागाईसकट धरायची. ४ टक्के म्हणजे काजू तेवढाच फोडणार, फक्त भाव महागाईबरोबर चढणार. याच्यावर एक टक्का धरलात तर तुम्ही म्हणताय की दहा गुंठ्यांतला कारखाना कायम, न थांबता, जास्त-जास्त बी फोडत जाणार. त्याला शेड कुठून आणणार?

तर १७ भागिले ०.१०, अंतिम मूल्य १७०. त्याचे आजचे साडेसत्याहत्तर. त्यात सहा वर्षांचे ६७.१, वजा १०५. निव्वळ आजची किंमत साडेएकोणचाळीस लाख. १६७ वरून इथं आलो. कारखाना अजूनही चांगला आहे, हे महत्त्वाचं. चुका काढल्या म्हणजे प्रकल्प मोडायचाच असतो असं नाही.

चौथी गोष्ट चूक म्हणण्यापेक्षा न केलेली तपासणी आहे. मी तिला शेजाऱ्याची कसोटी म्हणतो आणि तुमच्याकडून एवढीच एक गोष्ट घरी नेण्याची अपेक्षा आहे. सूत्रातून काहीही आकडा येऊ दे, त्यानंतर एक प्रश्न विचारायचा: सहाव्या वर्षाच्या शेवटी शेजारच्या माणसानं हाच कारखाना नव्यानं उभारायचं ठरवलं तर त्याला किती खर्च येईल? आजचे शेड-यंत्रांचे ६० वर्षाला ६ टक्क्यांनी महागले तर तेव्हा ८५. जागा ४०. बी घ्यायला ४०. एकूण १६५. आपला हिशोब १७० म्हणतो. पाच लाखांचा फरक म्हणजे बसलेले हात, जमलेलं गिऱ्हाईक, बी घालणारे ओळखीचे शेतकरी. एवढं कुणीही देईल. पण रिपोर्टमधले ३२६ घ्या. याचा अर्थ असा की जी गोष्ट शेजारी १६५ मध्ये उभी करू शकतो तिला तुम्ही ३२६ म्हणताय. एवढा नफा उघड दिसत असताना खानापुरात आणि चंदगडात दुसरा कारखाना निघणार नाही का? निघाला की तो तुमच्याच शेतकऱ्याकडून बी घेणार, बीचा भाव चढणार आणि तुमचे २८ खाली येणार. काजूत कुणाची मक्तेदारी नाही. ज्या धंद्यात कुणीही उतरू शकतं, त्यात अंतिम मूल्य नव्यानं उभारायच्या खर्चाच्या फार वर टिकत नाही. हायवेवरच्या मोक्याच्या पेट्रोल पंपाचं गणित वेगळं, तिथं शेजाऱ्याला तशी जागा मिळतच नाही. काजूत, यंत्रमागात, बेळगावच्या उद्यमबागेतल्या साध्या जॉबवर्कमध्ये मात्र ही कसोटी आधी लावा.

आता मोडीचा हिशोबही लगेच करून टाकू. समजा सहाव्या वर्षी बंदच करायचा. जागेचे ४०, कर आणि दलाली जाऊन ३६. बी आणि उधारीतले ४०, त्यातले ३४ येतात. पूर्ण ४० कधीच येत नाहीत. ओलसर बी साठवली असेल तर गर डागाळलेला निघतो, जुन्या हंगामाचा माल भाव पाडून मागतात, आणि धंदा बंद होतोय हे कळलं की उधारीवाला फोन उचलत नाही. यंत्रांची मोड आणि शेडचं लोखंड ६, हेस्कॉमचं डिपॉझिट त्यातच धरा. कामगारांची देणी ४ जातात. पाच वर्षं सलग काम केलेल्याला ग्रॅच्युइटी द्यावी लागते आणि सहाव्या वर्षी पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या बायका त्यात येतात, हे रिपोर्टमध्ये मी क्वचितच बघितलंय. हातात ७२. आजचे ३२.८. मग निव्वळ आजची किंमत उणे पाच. म्हणजे चालू ठेवला तर ३९ नफा, बंद केला तर ५ तोटा.

घड्याळ बघतोय. साडेसातला सभागृह सोडायचंय आणि पत्रिकेवरचा दर अजून राहिलाय. चटचट घेऊ.

आधी संगणकावरच्या दोन गोष्टी, कारण उद्या कुणी ना कुणी हे मांडणार आहे. एक्सेलचं NPV हे फंक्शन पहिल्या आकड्यालाही एक वर्ष पुढचं समजून भागतं. आजचे उणे १०५ त्याच्या आत टाकले तर सगळंच एक वर्ष ढकललं जातं आणि साडेएकोणचाळीसचे पावणेपस्तीस होतात. आजचा आकडा बाहेर ठेवायचा. B2 मध्ये आजचा, C2 ते H2 मध्ये सहा वर्षं, आणि H2 मध्ये २८ अधिक १७० म्हणजे १९८:

```
=B2+NPV(14%,C2:H2)
```

दुसरी, एखाद्या वर्षी रोकड शून्य असेल तर 0 टाईप करा. चोपडीत लिहितात तशी आडवी रेघ मारलीत किंवा खाना मोकळा सोडलात तर ते फंक्शन तो खाना नसल्यासारखाच वागतं आणि पुढची सगळी वर्षं एकेक वर्ष अलीकडं ओढतं. एरर येत नाही, उत्तर फक्त मोठं येतं. ओळखायचं कसं? प्रत्येक वर्षाखाली हातानं भागाकाराची ओळ टाका, तिची बेरीज आणि फंक्शनचं उत्तर जुळलं पाहिजे. हंगाम मार्चचा आणि विक्री दिवाळीची, असं तारखेनं मोजायचं असेल तर XNPV आहे, त्याला प्रत्येक आकड्याबरोबर तारीख द्यावी लागते.

आता दर. हे पैसे या कारखान्यात घातले नाहीत तर तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी काय मिळालं असतं, तो दर. मुदत ठेवीचा नव्हे, कारण ठेवीत बीचा भाव पडण्याची भीती नाही. नुसता कर्जाचा दरही नव्हे, कारण बँक आधी स्वतःचे घेते आणि धोका तुमच्या हिश्श्यावर राहतो. समजा निम्मे पैसे बँकेचे, त्याचा दर कराची बचत धरून ८ पडतो. निम्मे घरचे, त्यावर तुम्हाला धोक्याच्या मानानं २० हवेत. मध्य १४. घरचे किती आणि त्यावर किती हवेत, हे तुम्ही ठरवायचं, मी नाही.

दराबद्दल भांडण झालं तर एक करा: दर बदलून बघा. १६ टक्क्यांना आपली निव्वळ आजची किंमत १६ लाखांपर्यंत उतरते. १८ ला शून्याच्या जरा खाली जाते, उणे एक. दोन-दोन टक्क्यांनी एवढी घसरण का? दर वाढला की अंतिम मूल्याला दोन बाजूंनी मार बसतो. सूत्रातला भाजक मोठा होतो, आणि जो आकडा येतो तो सहा वर्षं मागं आणताना पुन्हा जास्त कापला जातो. पहिल्या सहा वर्षांचे ६७ दर १८ झाला तरी ५९ राहतात. अंतिम मूल्याचे आजचे साडेसत्याहत्तर मात्र ४५ वर येतात. हलणारी बाजू कुठली ते यात दिसतं.

आणि शेवटचं. दर, वाढ, सातवं वर्ष, यातलं काहीच पटत नसेल तर गणित उलटं फिरवा. सहा वर्षांचे ३८ लाख कमी पडतायत. ते भरून निघायला सहाव्या वर्षाच्या शेवटी कारखान्याची किंमत किती हवी? ३८ भागिले ०.४५६, म्हणजे ८३ लाख. आता घरात बसून एवढाच प्रश्न सोडवायचा. मोडीत ७२ येतात, चालत्या कारखान्याचे १७०. ८३ मोडीच्या वर आहे आणि चालत्याच्या बरंच खाली. म्हणजे नफ्याचा अंदाज निम्म्यानं चुकला तरी चालेल, पण सातव्या वर्षी पहाटे बॉयलर पेटवायला घरातलं कुणीतरी तिथं असायला हवं. मुलगा पुण्याला नोकरीत असेल आणि परत येणार नसेल, तर ७२ धरा आणि दहा गुंठे भाड्यानं द्यायचा हिशोब मांडायला घ्या.